हिरवी नळी पिकवणाऱ्या अंबूबाई

अंबूबाई गोजर आमच्या प्रयोगशाळेत लागल्या तेव्हा मी त्यांना आठवड्याच्या आत घालवून देणार होतो. हे मी आज उघडपणे लिहितो, कारण त्यांना ते तेव्हाही ठाऊक होतं आणि निवृत्त झाल्यावरही भेटल्या की त्या मला त्याची आठवण करून देतात.

साल शहाण्णव. त्यांचा नवरा दामू आमच्या शहापूरच्या कॉलेजात रसायनशास्त्राचा शिपाई होता. काविळीनं गेला. त्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर अंबूबाईंना घेतलं. सापगावची बाई, अर्धं आयुष्य भातशेतीत गेलेलं, शाळा चौथीपर्यंत. पहिल्या सोमवारी मी त्यांना सहा ब्युरेट दिल्या आणि म्हटलं, "स्वच्छ धुवा." ब्युरेट म्हणजे द्रव मोजून थेंब थेंब सोडायची लांब काचेची नळी. बाईंनी त्या घरच्या तांब्याभांड्यांसारख्या राखेनं आणि काथ्यानं घासल्या. संध्याकाळी सहाच्या सहा नळ्या आरशासारख्या चकाकत होत्या आणि त्यांच्यावरचे मापाचे आकडे गायब झाले होते.

मी ओरडलो. माझा आवाज आमच्या कॉलेजात प्रसिद्ध आहे. बाजूच्या वर्गात चाललेलं मराठीचं व्याख्यान थांबलं म्हणे.

अंबूबाई पदर खोचून उभ्या होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "सर, सोच्छ तर झाल्या ना?"

आता या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? मी ते आजवर शोधतो आहे.

पण एक गोष्ट खरी. या बाईनं एकदा केलेली चूक पुन्हा कधी केली नाही. दर वेळी नवीन केली. आणि मधल्या काळात ती प्रयोगशाळा तिनं अशी ताब्यात घेतली की माझ्याच टेबलावरची माझीच बाटली मला तिला विचारून घ्यावी लागे. बाटल्यांवरची इंग्रजी नावं तिला वाचता येत नव्हती, पण कुठली बाटली कुठल्या फळीवर, कुठलं बूच घट्ट बसतं, कशाला वास येतो आणि कशाचा वास घ्यायचा नाही, हे सगळं तिच्या डोक्यात. मुलं म्हणायची, सरांना विचारलं तर शिव्या मिळतात, अंबूबाईंना विचारलं तर ॲसिड मिळतं.

दोन हजार चार साली शीतल आली. मुरबाडच्या डोंगराकडल्या गावातली पोर, आमचीच विद्यार्थिनी, एम.एस्सी. होऊन आमच्याकडे शिकवायला लागली. हुशार, आणि स्वभावानं माझ्या अगदी उलट, म्हणजे कुणावर ओरडत नसे. अंबूबाई तिला मॅडम म्हणत नसत. "बाय" म्हणत. मी एकदा टोकलं, तर म्हणाल्या, "तुमाला सर म्हनते ते पुरे नाय का?"

शीतलनं पीएच.डी.साठी नाव नोंदवलं होतं आणि विषय घेतला होता कॅडमियम सेलेनाइडच्या अतिसूक्ष्म कणांचा. आमच्या तालुक्यात हा विषय ऐकून लोक माझ्याकडे संशयानं बघायचे. पण प्रयोग म्हणून इतकी देखणी गोष्ट मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. कॅडमियमची तपकिरी पूड एका तेलकट आम्लात तापवायची. सव्वादोनशे अंशाच्या आसपास ती पूर्ण विरते आणि भांड्यात पाण्यासारखं नितळ तेल उरतं. मग पिचकारीनं सेलेनियमचं थंड द्रावण एका झटक्यात आत सोडायचं. त्या क्षणाला असंख्य बारीक स्फटिक जन्माला येतात आणि वाढायला लागतात. काही सेकंदांनी ड्रॉपरनं थोडंसं काढून थंड नळीत टाकलं की वाढ तिथेच थांबते. पुन्हा काही सेकंदांनी दुसरी नळी, मग तिसरी. असं दोन-तीन मिनिटांत दहा नळ्या भरतात. त्यांच्यावर जांभळ्या दिव्याचा डोळ्यांना न दिसणारा उजेड टाकला की पहिली नळी हिरवी उजळते, मधली पिवळी, शेवटची नारिंगी-लाल. भांडं एक, पूड एक, सेलेनियम एक, आणि रंग दहा.

कॅडमियम विषारी, त्यामुळे हे सगळं धूर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात, हातमोजे घालून. सांडपाणी मोरीत नाही, वेगळ्या बंद डब्यात. या नियमावरून अंबूबाईंनी एकदा प्राचार्यांनाही दारातून परत पाठवलं होतं.

तापवायचं विजेचं भांडं आमच्याकडे बिघडलेलं होतं. मग हॉटप्लेटवर लोखंडी कढई, कढईत वाळू, वाळूत काचेचं भांडं. वाळू अंबूबाईंनी भातसा नदीवरून आणली, तांदळाच्या चाळणीनं तीनदा चाळली, धुतली, वाळवली. चणे-लाह्या भाजणारी बाई. वाळू किती तापली हे ती वर हात धरून सांगायची आणि थर्मामीटर नंतर मान डोलवायचा.

पहिल्यांदा त्या नळ्या पेटल्या, म्हणजे जांभळ्या दिव्याखाली उजळल्या, तेव्हा अंबूबाईंनी वाकून एकेक नळी न्याहाळली. मग म्हणाल्या, "सर, रंग कुठला टाकला?"

"रंग टाकलाच नाही."

"मंग?"

मी त्या दिवशी खुशीत होतो. म्हटलं, तुमचा भाऊ कोंडू पावा वाजवतो ना? सगळी भोकं बोटांनी बंद केली की आतली हवा लांबच लांब, सूर खर्जात. वरची भोकं उघडली की आतली हवा आखूड, सूर उंच. हवा तीच, फुंकणारा तोच, फक्त जागा कमी झाली. या कणांत तसंच आहे. उजेड पडला की कणातला इलेक्ट्रॉन वर उचलला जातो आणि त्याची जागा मागे रिकामी राहते. तो परत त्या जागेत उतरतो तेव्हा उजेड सोडतो. इलेक्ट्रॉन आणि त्याची ती रिकामी जागा, या दोघांना पसरून राहायला ठरावीक ऐसपैस जागा लागते. कण त्याहून लहान असला की दोघं कोंडले जातात, आणि कोंडलं की त्यांची ऊर्जा वाढते. कण जितका लहान, तितकी उडी मोठी, तितका उजेड निळ्याकडे. कण वाढला की उडी लहान, उजेड लालकडे. याच पदार्थाचा मोठा दगडच घेतला तर त्याचा उजेड लालच्याही शेवटच्या कडेला जातो.

अंबूबाईंनी मान हलवली. त्यांची मान हलली की समजलं असं समजायचं नसतं, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. पण मी हुशारी करायला गेलो आणि वर आणखी एक वाक्य जोडलं: "सोपं करून सांगतो. आंबा बघा. हिरवा म्हणजे कोवळा, मग पिवळा, मग केशरी. वेळ दिला की पिकतो."

शास्त्राच्या पुस्तकांतही बारीक कण विरून मोठे कण वाढण्याला पिकणं म्हणतात, तेव्हा मी अगदीच खोटं बोललो नव्हतो. पण हे वाक्य मला पुढे महागात पडणार होतं.

दोन हजार सहाच्या एप्रिलमध्ये विद्यापीठाची तपासणी ठरली. आमच्या प्रयोगशाळेला संशोधनाची मान्यता मिळाली तर शीतल इथेच काम करून पीएच.डी. पूर्ण करू शकत होती. नाही मिळाली तर तिला मुंबईत जाऊन पूर्णवेळ राहावं लागणार होतं. तिची आई बाईजा गावात एकटी, एका डोळ्यानं कमी दिसणारी. शीतलनं मला आधीच स्पष्ट सांगितलं होतं, "सर, मान्यता नाय मिळाली तर मी नाव काढून घेणार. आईला सोडून जायाची नाय." कुठे काम करणार हे विद्यापीठाला कळवायची मुदत महिनाअखेरपर्यंत होती. दुसरी संधी नव्हती.

तपासणीच्या आदल्या दिवशी आम्ही दहा नळ्यांची सुरेख रांग तयार केली. निम्म्या हिरव्या, पुढे पिवळ्या, शेवटी नारिंगी. लाकडी स्टँडवर ठेवून वर फडकं टाकलं. तपासणीला येणारे विद्यापीठाचे साहेब साडेअकराला पोचणार होते. बारा वाजता लोडशेडिंग. त्या वर्षी आमच्याकडची वीज रोज बाराला जायची आणि तिच्यावर घड्याळ लावावं इतकी वक्तशीर जायची. म्हणजे अर्ध्या तासात सगळं दाखवायचं होतं. अंबूबाईंना मी सांगून ठेवलं: सकाळी साडेसातला येऊन वाळू तापवून ठेवा, साहेब आल्यावर सगळं तयार दिसलं पाहिजे.

मी साडेआठला पोचलो तेव्हा शीतल स्टँडसमोर फडकं हातात धरून उभी होती. स्टँडवर पाच नळ्या रिकाम्या. हिरव्या होत्या त्या. कपाटात, वाळूच्या कढईत, एक छोटं काचेचं भांडं रोवलेलं आणि त्यात नारिंगी तेल.

अंबूबाई बाजूला उभ्या, हातमोजे घातलेल्या, चेहरा कामगिरी फत्ते झाल्यासारखा.

"सर, त्या पाच नळ्या कच्च्याच रायल्या व्हत्या," त्या म्हणाल्या. "पावन्यांसमोर कच्चा माल कसा मांडायचा? आमच्या घरी पन आता अढी घातली हाय, हिरवे आंबे पेंढ्यात हायेत. म्हटलं, वाळू तापलीच हाय तर ही पन पिकवून घेऊ."

मला पहिल्यांदा काय वाटलं हे सांगायला लाज वाटते. मला वाटलं, ही बाई शुद्ध खुळी आहे आणि मी तिला दहा वर्षं पोसलं. तोंड उघडलंही होतं. इतक्यात शीतल म्हणाली, अगदी हळू, "सर, तुम्हीच त्यांना आंबा सांगितला होतात."

माझं तोंड बंद झालं. असं फार क्वचित होतं.

वाढलेला कण पुन्हा लहान करता येत नाही. नारिंगीचं हिरवं होत नाही. हिरवं हवं तर नव्यानं सगळी रेसिपी, आणि सेलेनियमचं द्रावण उरलं होतं नेमकं एका खेपेपुरतं. शीतल खुर्चीवर बसली. "जाऊ दे, सर. पाच नळ्या दाखवू."

"पिवळ्यापासून नारिंगीपर्यंत? मग हिरवं कुठंय म्हणून विचारतील. लहान कणच नाहीत तर दाखवायचं काय?"

अंबूबाई आळीपाळीनं आमच्याकडे बघत होत्या. काहीतरी चुकलं आहे हे कळलं होतं, काय ते नाही. शेवटी शीतलनंच त्यांना समजावलं. हिरवी नळी कच्ची नाही, तिथे लहान कण आहेत आणि लहान कणच दाखवायचे आहेत. अंबूबाईंचा चेहरा असा पडला की माझा राग कुठल्या कुठे गेला. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अरे देवा! मला आंबा ध्यानात रायला, कोंडूचा पावा रायलाच नाय."

मग त्या हातमोजे ओढून उभ्या राहिल्या. "तीन तास हायेत. पुना करू."

केलं. पूड, आम्ल, तेल. कढईत ढीग करून वाळू. तपकिरी रंग विरायला तासभर गेला. थर्मामीटर दोनशे पंचवीसवर आला तेव्हा सव्वादहा झाले होते. अडचण एकच होती: पहिल्या नळ्या. सेलेनियम आत गेल्यावरचे पहिले काही सेकंद सर्वांत मोलाचे, कारण कण तेव्हाच सर्वांत लहान असतात. शीतल एकटी पिचकारी मारून मग ड्रॉपर उचलायची, तेवढ्यात दहा सेकंद जात. त्यामुळे खरा निळसर हिरवा आमच्या हाती कधी लागलाच नव्हता.

"ड्रॉपर माज्याकडं द्या," अंबूबाई म्हणाल्या.

मी बघत राहिलो. ही बाई राखेनं ब्युरेट घासणारी. पण तिचे हात मी पाहिले होते. श्रावणाच्या आधी भाताची लावणी करताना ही बाई रोपांच्या जुडीतून दोन-दोन, तीन-तीन काड्या वेगळ्या करून चिखलात खोचत जाते, न बघता, आणि ओळ सरळच येते. मी म्हटलं, "ठीक. शीतल सोडेल, मी सेकंद म्हणेन, अंबूबाई उचलतील."

शीतलनं श्वास रोखून पिचकारी दाबली. "एक, दोन, तीन—" मी म्हणालो आणि अंबूबाईंचा ड्रॉपर आत गेलाही होता. नळी. पुन्हा आत. नळी. माझा आवाज मागे पडायला लागला. एकही थेंब बाहेर नाही, एकही नळी सुटली नाही. तीन मिनिटांनी दहा नळ्या उभ्या होत्या आणि अंबूबाईंच्या कपाळावर घामाची ओळ.

मी नोटा तपासायचा बॅटरीवरचा जांभळा दिवा लावला. पहिली नळी निळसर हिरवी उजळली. समुद्राच्या पाण्यासारखा रंग, जो आम्हाला दोन वर्षांत मिळाला नव्हता. शीतल टाळ्या वाजवायला लागली आणि मी तिच्यावर कपाटासमोर टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणून ओरडलो. सवय.

त्यानंतर मी अंबूबाईंना बाजूला घेतलं आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, "सकाळी जे झालं, ते साहेबांसमोर एका अक्षरानं काढायचं नाही. काय विचारलं तरी नाही. नाहीतर ते म्हणतील, या लोकांना धड सामान सांभाळता येत नाही, आणि मान्यता गेली."

"नाय काढनार," अंबूबाई म्हणाल्या. "शप्पथ."

साहेब पावणेबाराला आले. उंच, चष्म्याआडून माणसाला तोलणारे, फारसं न हसणारे. त्यांनी आल्या आल्या रजिस्टर पाहिलं, कपाट पाहिलं, विषारी कचऱ्याचा डबा पाहिला आणि बरं म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. मग नळ्यांकडे वळले. शीतलनं दिवा लावला, सांगायला सुरुवात केली आणि शेवटी वर्णपटमापकाकडे हात नेला. रंगाची नेमकी तरंगलांबी सांगणारं हे यंत्र आमच्या प्रयोगशाळेचा सगळा मान. त्याचा निर्देशक हलायच्या आत पंखे थांबले. बारा वाजले होते.

यंत्र मेलं. साहेब त्या दिव्याच्या उजेडात नळ्या निरखत राहिले आणि म्हणाले, "रंग सुंदर आहेत. पण आकड्याशिवाय हे रंगच आहेत. चमकणारे रंग बाजारात मिळतात, दहा बाटल्यांत दहा ओतले की झालं."

शीतलनं नारिंगी नळीतलं थोडं दुसऱ्या नळीत घेऊन त्यात हेक्सेन नावाचा बिनरंगी पातळ द्रव ओतून दाखवला. रंग फिका झाला, पण दिव्याखाली तो फिका नारिंगीच उजळला. "पातळ केल्यानं रंग सरकत नाही, सर. कणाच्या मापानं सरकतो."

"नारिंगी रंगही पातळ केला तर नारिंगीच राहील," साहेब म्हणाले. आणि ते बरोबरच होतं. "हिरवी आणि नारिंगी एकाच वस्तूच्या आहेत, हे मला कशावरून कळावं?"

जी काही उत्तरं होती ती यंत्राच्या पोटात होती आणि यंत्राच्या पोटात वीज नव्हती. मी वेळ काढायला खोकलो. शीतल हातातल्या नळीकडे बघत होती. मला स्पष्ट दिसलं, ती आता मनातल्या मनात नाव काढून घेत होती.

"साहेब," मागून आवाज आला. "ती एकच हायेत. मीच सकाळी हिरवी पिकवली."

मी वळून डोळे मोठे केले. अंबूबाईंनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"काय केलंत?" साहेबांनी विचारलं.

"काल पाच हिरव्या नळ्या व्हत्या. मला वाटलं कच्च्या हायेत. मी त्या एका भांड्यात वतून वाळूत तापवल्या. त्या केशरी झाल्या. दुसरं काय टाकलं नाय. माजी चूक झाली, सरांनी नको सांगू म्हटलं व्हतं, मी शप्पथ घेतली व्हती. मला मेमो द्या. पन बायचं काम खरं हाय."

मग साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "वाळू अजून गरम आहे का?"

अंबूबाईंनी कढईवर हात धरला. वाळूचा ढीग एकदा तापला की बराच वेळ धग धरतो, वीज असो वा नसो. "हाय. दोनशेच्या वर असंल." थर्मामीटर दोनशे बारा दाखवत होता.

साहेबांनी स्वतः एक हिरवी नळी निवडली आणि तिच्यातलं अर्धं एका रिकाम्या नळीत ओतून घेतलं. दोन्हींवर पेन्सिलीनं स्वतःची सही केली. एक स्टँडवर परत ठेवली, साक्षीदार म्हणून. दुसरी अंबूबाईंनी वाळूत खोचली, रोप खोचावं तशी, आणि भोवतालची वाळू पळीनं वर ओढली. आम्ही चौघं त्या कढईभोवती उभे. अशा वेळी मिनिटं फार लांब असतात. दोन मिनिटांनी दिवा धरला: हिरवा जाऊन पोपटी-पिवळा. पाच मिनिटांनी पिवळा. दहा मिनिटांनी नळी बाहेर काढली तेव्हा ती केशरीकडे झुकली होती, आणि स्टँडवरची तिची बहीण होती तशीच हिरवी.

नळीत आधीच न वापरलेलं कॅडमियम आणि सेलेनियम उरलेलं होतं. उष्णता मिळाली, कण ते खात वाढले, आत कोंडलेल्यांना जागा मिळाली आणि उजेड लालकडे सरकला. बाजारातला रंग असं करत नाही. त्याला किती तापवा, तो असा ओळीनं पिवळा-केशरी होत जाणार नाही.

"हे सुचलं कुणाला?" साहेबांनी विचारलं. प्रश्न मला होता, विभागप्रमुख म्हणून. मी तेवढ्यात एक छान वाक्य तयार केलं होतं, 'आमच्या विभागाची योजना' अशा थाटाचं. ते बाहेर येईना. मी म्हटलं, "सुचलं नाही कुणाला. चूक होती. आणि ती लपवायला मी सांगितलं होतं."

साहेब तेव्हा पहिल्यांदा हसले. मग अंबूबाईंकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्हाला माहीत आहे का, असं का होतं?"

मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हाक मारली की आता आंबा नको.

"कोंडूचा पावा," अंबूबाई म्हणाल्या. "माजा भाव हाय कोंडू. भोकं उघडी टाकली तर आत हवा थोडी, सूर उंच. भोकं झाकली तर हवा लांब, सूर खाली. लहान दान्यात जागा थोडी, म्हनून हिरवा उंच. दाना वाढला की जागा वाढली, लाल खाली. सरांनी सांगितलं व्हतं. मला आज समजलं."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होते.

पंधरा दिवसांनी मान्यतेचं पत्र आलं. मी ते शीतलला वाचून दाखवलं आणि मग अंबूबाईंना, कारण त्यात त्यांच्याबद्दल एक ओळ होती: प्रयोगशाळा सहायक श्रीमती गोजर यांनी केलेला पुनर्तापनाचा प्रयोग निर्णायक वाटला. निर्णायक म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "मंजे मेमो नाय?"

"नाही."

"आनि बाय हितंच ऱ्हानार?"

"इथंच."

तेव्हा त्या रडल्या. पदरानं डोळे पुसत मला म्हणाल्या, "तुमी बघू नका सर, मला काम हाय," आणि मोरीकडे जाऊन नळ सोडून बसल्या. मीही बघत नव्हतो. माझ्याही डोळ्यांत काहीतरी गेलं होतं आणि त्या वेळी कपाटाचा पंखा बंद होता, तेव्हा दोष कुणाला द्यायचा हा प्रश्नच होता.

शीतलनं दोन हजार नऊ साली पीएच.डी. पूर्ण केली. बाईजा त्या दिवशी गावातून आली होती, नव्या लुगड्यात, आणि जांभळ्या दिव्याखाली नळ्या बघून म्हणाली, बाकीचं दिसत नाय, पण हे दिसतं.

त्या दहा नळ्या आता आमच्या प्रयोगशाळेत तोंडं बंद करून काचेच्या पेटीत ठेवल्या आहेत. शेवटची कामं आवरायला मी निवृत्तीच्या दिवशी गेलो तेव्हा पेटी पुसायला घेतली. मोजल्या, तर एक जास्त. अकरावी, केशरीकडे झुकलेली, साहेबांची पेन्सिलीची सही अजून पुसट दिसणारी. बाकी दहांवर शीतलच्या अक्षरात इंग्रजी आकडे. अकरावीवर मराठीत, चौथीपर्यंत शिकलेल्या मोठ्या मोठ्या अक्षरांत, एक चिठ्ठी डकवली होती:

"ही आधी हिरवी व्हती. अंबू."

मी चिठ्ठी तशीच ठेवली. 'होती' असं दुरुस्त करायला पेन उघडलं होतं, पण पुन्हा बंद केलं.